टॅगवर दोन वजनं, मग साजाचे पैसे नेमके कुठल्या वजनाचे?

सातवी_गल्ली
शनिवार, रात्री १०:१२

भावाचं लग्न ठरलंय. आईचा एकच हट्ट, सुनेला पहिला दागिना म्हणजे कोल्हापुरी साज, आणि तो गुजरीतल्या पेढीवरूनच. काल दुपारी अंबाबाईचं दर्शन करून आम्ही दोघी तशाच गुजरीत शिरलो. तिसऱ्या दुकानात आईला एक साज आवडला. एकवीस पानं, मधे जाव मणी, माणकाचं आणि पाचूचं पान, मागं रेशमाचा गोंडा. आई तो हातातून सोडायलाच तयार नव्हती.

टॅगवर दोन वजनं होती. ग्रॉस २४.८६० आणि नेट २१.४२०. मी विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, सोन्याचे पैसे नेटवरच लागतात, काळजी करू नका." बरं वाटलं. त्यानं कच्ची चिठ्ठी करून दिली. घरी येऊन हिशोब जुळवायला बसले तर जुळेना. भाव रोज बदलतोय, म्हणून इथं ग्रॅमला १०,००० धरून तीच चिठ्ठी पुन्हा मांडते:

सोनं २१.४२० ग्रॅम: २,१४,२००
मजुरी १४ टक्के: ३४,८०४
खडे: ३,५००
बेरीज: २,५२,५०४
जीएसटी ३ टक्के: ७,५७५
एकूण: २,६०,०७९

आता २,१४,२०० चे १४ टक्के काढले तर २९,९८८ येतात. त्यानं ३४,८०४ लावलेत. टक्केवारीत चूक झाली असेल का? की मलाच काही कळत नाहीये? आई म्हणते, "एवढ्या मोठ्या दुकानात चूक कशी होईल, तूच गणितात कच्ची." सोमवारी परत जायचंय.

अचूकराव
शनिवार, रात्री १०:३१

ताई, मजुरीचं राहू द्या, तुम्ही मूळ मुद्दाच सोडलाय. साज २२ कॅरेटचा, म्हणजे ९१६. नेट २१.४२० असलं तरी त्यात शुद्ध सोनं फक्त ९१.६ टक्के, म्हणजे १९.६२ ग्रॅम. पैसे तेवढ्याचेच द्यायचे. बाकीचं तांबं-चांदी आहे, त्याला सोन्याचा भाव कशाला? हे कुणी सांगत नाही आणि लोक गुपचूप पैसे देऊन येतात.

हुपरीचा_पाहुणा
शनिवार, रात्री १०:४४

आमच्या हुपरीत पैंजणाला घुंगरासकट वजन करतात आणि सगळीच चांदी धरतात, त्यात काही चुकीचं नाही. घुंगरूपण चांदीचंच की. उगं गैरसमज नको.

सातवी_गल्ली
शनिवार, रात्री १०:५०

पाहुणे, पैंजणाचा विषय नाहीये हो. साजात लाख आहे, खडे आहेत, रेशीम आहे.

हुपरीचा_पाहुणा
शनिवार, रात्री १०:५३

मग ठीक. मी चांदीपुरतं बोललो.

गुंजभर
रविवार, सकाळी ७:०५

मी गुजरीत एका पेढीवर सव्वीस वर्षं काट्यावर बसलो, आता घरी असतो. म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

आधी अचूकरावांचं. तुमचं गणित बरोबर आहे, पण जागा चुकली. पेढीच्या फळ्यावर २२ चा भाव वेगळा लिहिलेला असतो, तो आधीच ९१६ च्या हिशोबानं खाली आलेला असतो. त्या भावानं नेट गुणलं की काम झालं. परत ९१६ लावलंत तर एकच सूट दोनदा मागितल्यासारखं होईल, आणि काउंटरवरचा माणूस हसेल. हां, कुणी २२ च्या दागिन्याला २४ चा भाव लावत असेल तर मात्र भांडा. तेव्हा तुमचं गणित कामाला येईल.

आता ताईंची चिठ्ठी. त्या मुलाची टक्केवारी चुकलेली नाही. २,४८,६०० चे १४ टक्के काढा. बरोबर ३४,८०४. आणि २,४८,६०० म्हणजे २४.८६० ग्रॅम गुणिले १०,०००. म्हणजे सोनं नेटवर धरलं आणि मजुरी ग्रॉसवर. तो म्हणाला ते खोटं नव्हतं, "सोन्याचे पैसे नेटवर". मजुरीबद्दल तो काही बोललाच नाही, तुम्ही विचारलं नाहीत.

नेटवर मजुरी धरली तर बेरीज २,४७,६८८ आणि जीएसटीसकट २,५५,११९. फरक ४,९६० रुपयांचा. जीएसटी सगळ्या बेरजेवर लागतो, त्यामुळं मजुरी फुगली की करही फुगतो.

दुकानदार म्हणेल, लाख भरायला, खडे बसवायला, पटवेकऱ्याला ओवायला मजुरी पडतेच की. ते खरंच आहे. पण मग तशी वेगळी सांगा, खड्यांचे ३,५०० सांगितलेत तशी. लाखेच्या वजनाला सोन्याच्या भावानं गुणून त्याच्यावर टक्के काढायचे, हा कुठला न्याय? आमच्या पेढीवरपण काही वर्षं हेच चालायचं, खोटं कशाला बोलू.

उत्तरेश्वरची_वहिनी
रविवार, सकाळी ९:२०

गुंजभर काका, माझ्या काळ्या मण्यांचं सांगा ना. मंगळसूत्राच्या टॅगवर एकच वजन होतं आणि बिलातपण तेच. घरी आल्यावर लक्षात आलं की त्यात दोन पदरी काळी पोत होती. ती काच आहे ना? काचेला सोन्याचा भाव दिला का मी?

गुंजभर
रविवार, सकाळी ९:४८

वहिनी, टॅगवर एकच वजन असेल तर ते कुठलं हे सांगता येत नाही. कधी ते नेटच असतं आणि पोत फुकट ओवून दिलेली असते. एकदा काट्यावर ठेवून बघा. काट्यावरचं वजन टॅगइतकंच भरलं तर पोतीला सोन्याचा भाव गेला. काट्यावर जास्त भरलं तर टॅगवरचं नेट होतं, आणि तुमचं काही गेलं नाही.

पुढच्या वेळी वाट्या आणि मणी सुटे असताना वजन करून घ्यायचं आणि मग पटवेकऱ्याकडं ओवायला द्यायचं. मंगळसूत्राची ही सोय आहे, ते सोडवता येतं. साजाची तशी सोय नाही, खरी गोची तिथंच आहे. पण त्यावर नंतर लिहितो, नातवाला क्लासला सोडायचंय.

उत्तरेश्वरची_वहिनी
रविवार, दुपारी १२:१५

काट्यावर ठेवलं. सोनाराच्याच. टॅगपेक्षा पावणेचार ग्रॅम जास्त भरलं! म्हणजे वाचले. उगाच चार महिने त्या बिचाऱ्याला मनात शिव्या घातल्या.

तिखटकट
रविवार, दुपारी १२:४०

एवढं डोकं लावण्यापेक्षा सरळ "खडे फुकट, मजुरी आठ टक्के" वाल्याकडं जावा की. माझ्या मेव्हण्यानं तसंच घेतलं. एकच वजन, एकच भाव, विषय कट. नेट-ग्रॉसची भानगडच नाही.

अचूकराव
रविवार, दुपारी १:०२

हे मात्र पटलं. आठ टक्के म्हणजे चौदाच्या जवळजवळ निम्मे. ताई, तिकडं जा.

गुंजभर
रविवार, दुपारी ३:३०

आता ताईंचाच साज त्या पद्धतीनं मांडून बघू. एकच वजन म्हणजे ग्रॉस. २४.८६० ला २,४८,६००. आठ टक्के मजुरी १९,८८८. खडे फुकट. बेरीज २,६८,४८८, जीएसटीसकट २,७६,५४३. ताईंच्या दुकानानं नेटवर नीट लावलं तर चौदा टक्के मजुरी आणि खड्यांचे पैसे धरूनही २,५५,११९. फुकट खड्यांचे एकवीस हजार चारशे जास्त गेले.

खडे फुकट नाहीत, खडे सोन्याच्या भावानं विकलेत. लाखही आणि गोंड्याचं रेशीमही. तिखटकट, मेव्हण्याला दुखवायचं नाही, पण त्याचं बिल एकदा बघा. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलात मौल्यवान धातूचं निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्किंगचा खर्च वेगवेगळा लिहायचा नियम आहे. त्यात नेट वजन लिहिलंय का आणि ते काट्यावरच्या वजनाएवढंच आहे का, ते बघा. साजाचं नेट आणि ग्रॉस एकच असूच शकत नाही.

तिखटकट
रविवार, दुपारी ३:४१

त्यानं पक्कं बिल घेतलंच नाही, काका.

गुंजभर
रविवार, दुपारी ३:४४

मग काय बोलणार.

शिरोली_फौंड्री
रविवार, संध्याकाळी ६:१०

माझी एक बाळबोध शंका. लाख इतकी हलकी वस्तू, ती कितीशी भरणार? सोनं लाखेच्या पंधरापट जड. मग ३.४४० ग्रॅमचा फरक मलाच जास्त वाटतोय. दुकानदारानं नेट मुद्दाम कमी दाखवलं असेल तर गिऱ्हाइकाचा फायदाच ना? आणि दोन साज समोर असतील तर ज्याच्या टॅगवर फरक कमी तो घ्यावा, असं नाही का?

गुंजभर
रविवार, रात्री ८:५५

फौंड्रीवाले, तुम्ही विचारलंत तीच खरी गोष्ट, पण तुमचं उत्तर उलटं आहे.

लाख हलकी आहे, पण मण्यात जागा तिचीच असते. बोरमाळेचा आठ मिलिमीटरचा एक मणी घ्या. आतली जागा साधारण पाव घनसेंटीमीटरच्या किंचित वर. ती लाखेनं भरली की पाव ग्रॅमच्या वरच जातं. आणि बाहेरचं सोन्याचं कवच? पत्रा कागदासारखा पातळ असेल, मिलिमीटरचा विसावा भाग, तर त्या अख्ख्या मण्याला सोनं लागतं पाव ग्रॅमच्या आत. म्हणजे त्या मण्यात सोन्यापेक्षा लाख वजनाला जास्त. कारागिरानं लाखेत विटकरीची भुकटी घातली असेल तर आणखी जास्त. साजातले जाव मणी यापेक्षा लहान असतात आणि पानांचा पत्रा बरा असतो, म्हणून साजात एवढी टोकाची गत होत नाही. पण तत्त्व तेच.

आता दुसरा भाग. "लेस", म्हणजे ग्रॉसमधून वजा केलेलं वजन, कमी दाखवली तर फायदा कुणाचा? टॅगवर नेट म्हणजे दुकानदारानं सांगितलेलं सोनं. समजा त्या साजात लाख, खडे, रेशीम धरून खरोखर साडेपाच ग्रॅम आहेत आणि टॅगवर त्यानं ३.४४० वजा केले. म्हणजे दोन ग्रॅमच्या वर लाख सोन्याच्या भावानं गेली, आणि बिलात सगळं रीतसर नेट वजनावर. लाखेच्या दागिन्यात फरक कमी दिसला तर खूश होऊ नका. कमी कसा, ते विचारा. आमच्याकडं अनुभवी बायका टॅग बघून म्हणायच्या, "लाखेचा साज आणि एवढीच लेस?" आणि शेठ लगेच सरळ व्हायचा.

खड्यांचं वजन पकडता येतं. दोनच पानं, खडे मोजता येतात, कॅरेटमध्ये सांगितलं तर पाच कॅरेटचा एक ग्रॅम. रेशीम सोडवून काट्यावर ठेवता येतं. लाख मात्र एकदा भरून तोंड बंद केलं की आतच. कॅरेट मशीन लावून बघू म्हणाल तर ती वरचा पत्रा वाचते, पत्रा ९१६ आहे इतकंच सांगते. हॉलमार्कही शुद्धतेचा शिक्का आहे, आत किती लाख भरली ते तो सांगत नाही.

उत्तरेश्वरची_वहिनी
रविवार, रात्री ९:२०

हे वाचून आठवलं. आमच्या सासूबाईंची बोरमाळ मोडीत घातली तेव्हा मी समोर होते. त्या आयुष्यभर म्हणायच्या, "माझी अठरा ग्रॅमची माळ." पटकन एक मणी चिरला, आतून काळपट-तांबूस खडा निघाला, टणक. सगळे मणी आटवल्यावर सोनं भरलं साडेनऊ ग्रॅम. सासूबाईंना वाटलं सराफानं समोरच चोरलं. त्या तिथंच रडल्या. मामंजींनी ती माळ घेतली तेव्हा अठरा सांगितलं ते ग्रॉस होतं, एवढंच. जुनी चिठ्ठी सापडली असती तर कळलं असतं त्यांनी पैसे कशाचे दिले.

शिरोली_फौंड्री
रविवार, रात्री ९:५८

काका, मान्य. माझं उलटं झालं.

पण आत काय आहे ते न फोडता कळतच नाही, हे मला पटत नाही. आमच्याकडं कास्टिंगमध्ये पोकळी आहे का ते बघायला पाण्यात वजन करतात. हवेतलं वजन वजा पाण्यातलं वजन, म्हणजे आकारमान. २२ कॅरेट सोन्याची घनता साडेसतरा ते अठराच्या मधे, लाखेची सव्वाच्या आसपास. ताईंच्या साजात २१.४२ सोनं आणि दोन-सव्वादोन ग्रॅम लाख असेल तर आकारमान साधारण तीन घनसेंटीमीटर यायला पाहिजे. त्याऐवजी लाख चार ग्रॅम असेल तर साडेचारच्या जवळ जाईल. दीड घनसेंटीमीटरचा फरक साध्या काट्यालाही कळतो.

गुंजभर
रविवार, रात्री १०:२६

गणित सुंदर आहे, गुजरीत कुणी करून देणार नाही. लाख भरताना आत हवा राहते, ती हवा तुमच्या गणितात लाख म्हणूनच मोजली जाईल, मग प्रामाणिक माणूस चोर ठरेल. भुकटी घातलेली लाख सव्वाची राहत नाही. शिवाय रेशीम पाणी पितं. आणि नवा साज पाण्यात बुडवा म्हटलं तर शेठ तुम्हालाच रंकाळ्यात बुडवेल.

शिरोली_फौंड्री
रविवार, रात्री १०:३१

रेशीम काढून बुडवायचं. हवेचं मात्र खरं. पण लाखेत भुकटी नसेल तर निदान "या आकड्याच्या वर लाख असूच शकत नाही" एवढी मर्यादा तरी मिळेल. मी अजून माझ्या मतावर आहे.

सातवी_गल्ली
सोमवार, रात्री ९:१५

जाऊन आले. आईला सोबत नेलं नाही, ती मधेच "राहू दे गं" म्हणते.

आधी मजुरीचं विचारलं. तोच मुलगा होता, गडबडला, मग आतून मालक आले. म्हणाले, आमच्याकडं सगळ्यांना ग्रॉसवरच मजुरी लागते, सिस्टीममध्ये तसंच आहे. मी चिठ्ठी पुढं ठेवली आणि म्हटलं, लाख सोन्याच्या भावानं घडत नाही, लाख भरायची जी मजुरी असेल ती वेगळी लिहा. दहा मिनिटं हो-ना झालं. शेवटी मजुरी नेटवर, वर लाख-ओवणीचे बाराशे वेगळे. जीएसटी धरूनसुद्धा पावणेचार हजारांच्या आसपास वाचतायत.

मग टॅग आणि दोरा काढून साज काट्यावर ठेवायला सांगितला. २४.८६० बरोबर आलं. पंखा चालू होता तेव्हा शेवटचा आकडा नाचत होता, पंखा बंद करायला सांगितला. ते मात्र लगेच केलं.

त्यानंतर लेसची फोड मागितली. मालकांनी आतून एक डायरी आणली. लाख २.१००, खडे ०.५९०, रेशीम ०.७५०. बेरीज बरोबर ३.४४०. रेशीम सोडवा म्हटलं, तर त्यांनी शेजारच्या पटवेकऱ्याला बोलावलं. त्यानं गोंडा सोडवला, ०.७४० भरला. दहा मिलिग्रॅम ठीक आहे ना, काका?

लाखेचं कसं कळलं असं विचारलं तर म्हणाले, कारागीर लाख भरायच्या आधी सांगाडा तोलतो, भरल्यावर परत तोलतो, तो फरक. मी म्हटलं, मग भरायच्या आधीच्या वजनाची कारागिराची चिठ्ठी दाखवा. ती म्हणे त्यांच्याकडं नसते, कारागीर तोंडी सांगतो आणि हे डायरीत लिहितात.

गुंजभर
सोमवार, रात्री ९:४०

शाबास. दहा मिलिग्रॅमचं काही नाही, रेशीम दमट-कोरडं झालं तरी तेवढं हलतं.

डायरी दाखवली म्हणजे माणूस अगदीच वाईट नाही. पण २.१०० असा गोल आकडा बघून माझ्या मनात जरा पाल चुकचुकली. तोललेलं वजन सहसा इतकं गोल येत नाही. अंदाजानं लिहिलेलं असू शकेल, खोटंच आहे असं नाही.

आता एक शेवटचा प्रश्न विचारा. "हा साज उद्या मोडीला आणला तर तुम्ही २१.४२० धरणार का? बिलावर तसं लिहून द्या." स्वतःच्या नेटवर त्याचा भरवसा असेल तर तो लिहून देईल. खडे आणि मजुरी मोडीत मिळत नाहीत, ते सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न फक्त सोन्याच्या वजनाचा.

अचूकराव
सोमवार, रात्री ९:५२

आणि ९१६ च्या हिशोबानं लिहून घ्या.

गुंजभर
सोमवार, रात्री ९:५५

अचूकराव, मोडीत तुमचं म्हणणं खरंच लागू पडतं. काही पेढ्या मोडीला २२ चा भाव देतात, काही आटवून टंच काढून २४ च्या भावानं शुद्धाचे पैसे देतात. कुठली पद्धत, ते आधी विचारायचं. यावेळी तुमच्या बाजूनं.

अचूकराव
सोमवार, रात्री ९:५६

🙏 स्क्रीनशॉट काढून ठेवला.

सातवी_गल्ली
बुधवार, संध्याकाळी ७:३०

विचारलं. मालक म्हणाले, "आटवून जे सोनं निघेल त्याचे पैसे, आधी लिहून देता येत नाही." मी म्हटलं, मग मी पैसे २१.४२० चे देतेय ते कशाच्या भरवशावर? ते म्हणाले, "आमच्या नावाच्या." मी म्हटलं, मग तेच नाव बिलावर लिहा. हसले, चहा मागवला, पण लिहिलं नाही.

मग त्यांनीच एक पर्याय दिला. त्याच घाटाचा नवा साज घडवून घ्यायचा, बावीस दिवस लागतील. लाख भरायच्या आधी सांगाडा तुम्हाला दाखवून तोलतो, आणि तेच वजन बिलावर नेट म्हणून टाकतो. वजन थोडं इकडं-तिकडं होईल. लग्नाला अजून सव्वा महिना आहे, वेळेत बसतं.

अडचण आईची. तिला तोच साज पाहिजे. म्हणते, त्यातलं कासवाचं पान बघ, दुसऱ्या कुठल्याच साजात असं नाही, नवा कारागीर तसं करेल याची काय खात्री.

उत्तरेश्वरची_वहिनी
बुधवार, संध्याकाळी ७:५१

आईंना म्हणावं, जुन्या साजाचा फोटो कारागिराला द्या. आणि सांगाडा तोलायला तुम्ही जाणार त्या दिवशी मलापण बोलवा. सासूबाईंच्या माळेपासून मला ते एकदा डोळ्यांनी बघायचंच आहे.

गुंजभर
बुधवार, रात्री ८:३०

बावीस दिवस थांबा. भाव वाढला तर काय, तेही आज बोलून घ्या, ऑर्डर देताना आगाऊ रक्कम भरली की बऱ्याच ठिकाणी भाव बांधून देतात, तसं चिठ्ठीवर घ्या. सांगाडा तोलताना जाव मणी आणि पानं सगळी ताटलीत आहेत ना ते मोजा. एकवीस पानं. मोजणारा दुसरा कुणी नको, तुम्हीच.

शिरोली_फौंड्री
बुधवार, रात्री ८:४७

आणि लाख भरल्यावर रेशीम ओवायच्या आधी माझ्याकडं आणा. फक्त पाच मिनिटं. खरं वजन माहीत असलेला साज पहिल्यांदाच मिळेल, माझं पाण्याचं गणित बरोबर की काकांची हवा बरोबर, ते कळेल.

सातवी_गल्ली
बुधवार, रात्री ९:०२

आईला विचारून सांगते. पाण्याचं तिला सांगणार नाही.